रकाना नसलेला झेल

देवस्थळी आमच्या बँकेत ताळमेळ विभागात बसतात. जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. गेल्या पावसाळ्यात ते तापाने फणफणून कामावर आले होते. घरी जा म्हटलं, तर म्हणाले, "आजारपणाच्या रजेचा अर्ज कुठे दिलाय मी? मग आजारी कसा?" आणि दिवसभर दात वाजवत व्हाउचरांवर टिका मारत बसले.

असा माणूस क्रिकेट संघात स्कोअरर म्हणून सोन्यासारखा. त्यांच्या वहीत प्रत्येक चेंडूचं टिंब एकाच मापाचं असतं. चौकारासाठी वेगळं पेन, बळीसाठी लाल. पण आंतरबँक स्पर्धेच्या फायनलला ऐन सकाळी दोघे जण आलेच नाहीत. एकाच्या मेव्हण्याचं लग्न होतं, दुसऱ्याने फोन उचलला नाही. सावंत आमचा कप्तान. त्याने तंबूत नजर फिरवली. पांढरी पँट घातलेले दोघेच उरलो होतो, आणि माझा गुडघा बांधलेला. वही माझ्या मांडीवर आली आणि देवस्थळी मैदानात गेले.

आझाद मैदानावर एका वेळी इतके सामने चालू असतात की तुमचा डीपचा क्षेत्ररक्षक आणि शेजारच्या सामन्यातली स्लिप एकमेकांच्या संसाराची चौकशी करू शकतात. त्या गर्दीत एखाद्याला लपवायचं तर जागा कोणती? शॉर्ट फाइन लेग. तिथे झेल फारसे जात नाहीत, आणि गेला चेंडू तर मागे धावायला तरुण पोरगा असतो. पण ज्याला लपवावं त्याच्याकडेच चेंडू जातो, हे मैदानावर कुणालाही विचारा.

अठरावं षटक पाटकरचं. पहिल्या दोन चेंडूंत त्याने फक्त एक धाव दिली. पुढचा चेंडू वाइड. आता सोळा चेंडूंत एकतीस हव्या होत्या आणि त्यांचा जमलेला फलंदाज समोर उभा. देवस्थळींचा जीव मात्र वहीत. शॉर्ट फाइन लेगवरून ते तंबूकडे बघत ओरडले, "अहो, वाइड गोलंदाजाच्या खात्यात लिहिलात ना? बाय नाही हां तो!" मी हात वर करेपर्यंत पाटकरने आखूड, संथ चेंडू टाकला होता. फलंदाज पुल मारायला गेला आणि चेंडू बॅटची वरची कड घेऊन सरळ आभाळात चढला.

"देवस्थळीऽऽ!" म्हात्रे यष्टींमागून किंचाळला.

उंच झेलाला पहिलं पाऊल थांबून टाकायचं असतं. चेंडू नजरेत वरवर सरकतोय म्हणजे तो डोक्यावरून जाणार, खाली बसतोय म्हणजे पुढे पडणार. हे कळायला एक क्षण जातो, आणि देवस्थळींचा तो क्षण वाइडमध्ये गेला होता. मान वळवताच ते तीन पावलं पुढे धावले. मग लक्षात आलं की चेंडू मागे पडतोय. अशा वेळी पाठ फिरवून धावायचं आणि मग वर बघायचं, कारण उलटं पळताना टाच आपटली की डोळे हलतात आणि आभाळात एकाचे दोन चेंडू दिसतात. देवस्थळी उलटे पळाले. शेवटी हातांचा प्रश्न आला. बोटं वर करून छातीशी घ्यायचा की खाली करून पोटाशी? एका हाताने पहिला पर्याय निवडला, दुसऱ्याने दुसरा. चेंडू दोघांच्या मधून पोटावर बसला, 'हुक्' असा आवाज आला आणि फलंदाज दोन धावा पळाले.

त्या फलंदाजाने नंतर तीन षटकार मारले. दोन चेंडू राखून सामना गेला. मैदानावर कुणी काही बोललं नाही. पाटकरने बूट पिशवीत घालताना ते पिशवीवर अंमळ जोरात आपटले, इतकंच.

सोमवारी कँटीनमध्ये आम्ही सगळे आधीच जमलो होतो. देवस्थळी तोंड लपवतील, माफी मागतील, निदान उन्हाला तरी शिव्या देतील असा अंदाज होता. ते रोजच्यासारखे आले, कटिंग घेतला, आणि स्कोअरबुक मागितलं. पान उघडून बोटाने ओळ न् ओळ तपासली.

"अक्षर वाईट आहे," ते मला म्हणाले, "पण बेरीज जुळतेय."

"देवस्थळी, कॅचचं काय?" पाटकरने विचारलं.

"कुठला?"

पाटकरच्या हातातला वडा तसाच राहिला.

"दाखवा ना," देवस्थळींनी वही पुढे सरकवली. "झेल घेतला तर लिहितात, सुटला तर रकानाच नाही. त्या चेंडूवर काय नोंद आहे? दोन धावा. फलंदाजाच्या खात्यात जमा, गोलंदाजाच्या नावे. माझं नाव या पानावर कुठे आहे?"

"माझं आहे!" पाटकर उसळला. "चार षटकं, अडतीस धावा, एक बळी! त्यातल्या निम्म्या तुमच्या आहेत!"

"तसं वर्ग करता येत नाही," देवस्थळी शांतपणे म्हणाले.

म्हात्रेला राहवलं नाही. "अहो, 1999 साली हेडिंग्लेला गिब्जने स्टीव्ह वॉला सोडलं. हातात आलेला चेंडू ताब्यात येण्याआधीच वर उडवायला गेला. वॉ तेव्हा 56 वर होता, 120 काढून नाबाद राहिला. जग अजून विसरलेलं नाही!"

"जगाचं सोडा, धावफलक काढा," देवस्थळींना हवा होता तोच चेंडू मिळाला. "गिब्जच्या नावापुढे काय आहे? 101. शतक! बाकी सगळ्या ऐकीव गोष्टी."

यावर कँटीनचा पोऱ्यासुद्धा हसला. मला पाटकरची दया आली, कारण खरं पाहता देवस्थळींचा मुद्दा बरोबर होता. मैदानावरच्या वहीत गोलंदाज सगळ्यांची पापं एकटा वाहतो. लेगबाय आणि बाय तेवढे त्याच्या खात्यातून सुटतात, सुटलेला झेल सुटत नाही.

पाटकर उठला. कॅशमधून फूटपट्टी आणली. वहीच्या समासात दोन उभ्या रेषा मारल्या, वर 'सुटलेले झेल' असं लिहिलं, आणि खाली ठसठशीत अक्षरात: 'देवस्थळी, 17.4'. मग वही त्यांच्यासमोर ठेवली.

देवस्थळींनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आम्ही चहाचे पेले खाली ठेवले.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक?" पाटकरने बाह्या सरसावल्या.

"17.4 कसं? आधीचा वाइड होता. वाइड षटकात मोजत नाहीत. 17.3 पाहिजे." त्यांनी खिशातलं लाल पेन काढून चारावर आडवी रेघ मारली, वर तीन लिहिला आणि बँकेतल्या सवयीने शेजारी लघुस्वाक्षरी ठोकली. मग जरा विचार करून पुढे बारीक अक्षरात लिहिलं: 'चेंडू प्रथम हातांस, नंतर पोटास लागला.'

"झालं!" म्हात्रे ओरडला. "सही केली! कबूल केलं!"

देवस्थळींनी टोपण लावून पेन खिशात टाकलं आणि चहाचा शेवटचा घोट घेतला.

"सही दुरुस्तीवर आहे," ते म्हणाले. "मजकुरावर नाही."