'नवीनच काढायचाय ना, काका?'

श्रीयुत केंद्रचालकसाहेब यांसी,



आमच्या चौकातल्या ऑनलाइन सेवा केंद्राचे सर्वेसर्वा म्हणून आपली कीर्ती पुष्कळ ऐकून होतो. ऑगस्टमध्ये तिचा प्रत्यक्ष प्रसादही मिळाला, म्हणून हे कृतज्ञतेचे चार शब्द. जाहीर लिहितो आहे, कारण एवढे उपकार खाजगीत फेडणे शोभत नाही.

सर्वप्रथम आपल्या वेगाला वंदन. माझा पासपोर्टचा अर्ज आपण चहा निवेपर्यंत भरलात. मला एकच प्रश्न विचारलात, "नवीनच काढायचाय ना, काका?" मीही भोळेपणाने "हो" म्हणालो. जुन्याची मुदत संपली होती. आमच्या घरात मुदत संपली की 'नवीन काढायचा' असेच म्हणतात, नाव चुकले असले तरी 'नवीन काढायचा' आणि पाने भरली तरी 'नवीन काढायचा'. आपण ते 'नवीन' उचललेत आणि थेट Fresh Passport वर नेऊन ठेवलेत. आज्ञाधारकपणा असावा तर असा.

पोर्टलवरचा Fresh हा शब्द पुस्तिकेबद्दल नसून माणसाबद्दल असतो, हे बारीक सांगून आपण माझे डोके शिणवले नाहीत, त्याबद्दल ऋणी आहे. ज्याच्या नावावर आजवर कधीही भारतीय पासपोर्ट निघाला नाही, त्याच्यासाठी Fresh. एकदा निघाला असेल, मग तो संपलेला असो, हरवलेला असो, फाटलेला असो की लहानपणी आईबापांनी काढलेला असो, तर तो माणूस पासपोर्ट कार्यालयाच्या लेखी 'फ्रेश' राहत नाही. त्याच्यासाठी Re-issue of Passport. माझा पासपोर्ट २०१५ च्या जूनमध्ये निघालेला, दहा वर्षे वापरून संपलेला. तरी आपण मला कोरा करकरीत मानलेत. या वयात एवढे कोण म्हणते हो?

तसा सगळा दोष आपला नाही, हेही प्रांजळपणे मान्य करतो. आपण, किंवा कोणीही सज्जन, त्या पानावर Renewal शोधणार. तिथे तो शब्द पर्याय म्हणून नाहीच. पासपोर्टच्या बाबतीत नूतनीकरण म्हणजे जुन्या पुस्तिकेवर शिक्का मारून तारीख पुढे ढकलणे नव्हे. दर वेळी नवी पुस्तिका मिळते आणि क्रमांकही नवा पडतो, म्हणून तिथे 'पुन्हा जारी' हा शब्द आहे. शिवाय Fresh आणि Re-issue हे दोन्ही एकाच दुव्यामागे शेजारी शेजारी बसवलेले. ज्यांनी ते तसे बसवले त्यांनाही माझा रामराम सांगा. पण साहेब, हवा तो शब्द सापडला नाही की माणूस थांबून विचारतो. आपण मात्र वरचा पर्याय धरलात. वरचे ते पहिले, आणि पहिले ते आपले.

पुढची कृपा अधिक सूक्ष्म होती. Re-issue निवडले की अर्ज लगेच 'कशासाठी?' असे विचारतो. मुदत तीन वर्षांच्या आत संपली किंवा संपत आली आहे का, तीन वर्षांहून आधी संपली का, पाने संपली का, हरवला का, खराब झाला का, की वैयक्तिक तपशिलात बदल करायचा आहे, अशी कारणे समोर येतात. हा प्रश्न उघडला नाही तर आपण चुकीच्या गल्लीत आहोत, एवढे कोणालाही कळावे. माझ्या अर्जात तो उघडला नाही. त्याबद्दल आपण म्हणालात, "बघा, किती सोपा झालाय फॉर्म!" आपल्या या समाधानाचा मला खरोखर हेवा वाटतो.

फ्रेश अर्जाच्या कागदांच्या यादीत जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा होता, जुन्या पासपोर्टचे नावही नव्हते. मी यादीबरहुकूम सगळे नेले आणि जुना पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवून गेलो. पासपोर्ट सेवा केंद्रात ए खिडकीवर कागद, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, मग बी आणि सी खिडकीवर अधिकारी बसतात. माझी यात्रा ए खिडकीवरच सुफळ संपूर्ण झाली. तिथल्या मुलीने विचारले, "काका, याआधी पासपोर्ट होता?" मी अभिमानाने म्हणालो, "हो, दहा वर्षं!" तिने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती आपल्यापर्यंत पोहोचवणे हे या पत्राचे एक निमित्त आहे.

ती म्हणाली, "मग हा अर्ज फ्रेशचा का भरलात? रिइश्यूचा भरा आणि जुना मूळ पासपोर्ट घेऊन या. त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या झेरॉक्स, स्वतः सही करून." माझे पंधराशे रुपये त्या अर्जाबरोबर गेले. छत्तीस पानी पुस्तिकेची ही फी फ्रेशला आणि मुदत संपलेल्याच्या रिइश्यूला सारखीच असते. पैशात काहीच फरक नसल्यामुळे फी भरतानाही चूक लक्षात येत नाही, ही व्यवस्था आपल्याला किती सोयीची आहे!

हो, आणि अर्जाच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी खूण आपण माझ्या वतीने टिचकीसरशी केलीत, त्या निर्भयतेलाही सलाम. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ प्रमाणे पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडवली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझी चूक जाणूनबुजून नव्हती. मी काहीच जाणून नव्हतो. पण अर्जाखाली नाव माझे होते, आपले नव्हते.

त्या जुन्या पुस्तिकेत माझा अमेरिकेचा व्हिसा आहे, अजून मुदतीतला. रिइश्यूमध्ये जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. त्यातला व्हिसा चालू असेल आणि ते पान धड असेल, तर जुनी नि नवी अशा दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवून प्रवास करता येतो. आपण मला फ्रेश करून ती जुनी पुस्तिका जणू या जन्मातली नाहीच असे ठरवलेत. विरक्ती म्हणतात ती हीच.

आता माझ्या पुतणीबद्दल. तिच्या वेळी आपण सुधारलात, हे मोठ्या आनंदाने नोंदवतो. यावेळी रिइश्यू निवडलेत. मात्र कारणाच्या जागी 'मुदत संपत आली' असे ठोकलेत. तिच्या पासपोर्टला अजून चार वर्षे होती. तिला लग्नानंतरचे नाव हवे होते, म्हणजे कारण Change in Existing Personal Particulars. ते निवडले की पुढे नेमके काय बदलायचे ते विचारतात, दिलेले नाव, आडनाव, जोडीदाराचे नाव, पत्ता, सही वगैरे.

आपल्याकडच्या मुलींची इथे एक गंमत होते, आणि ती आपल्या नजरेतून सुटावी हे ओघानेच आले. मराठी कुटुंबांत पासपोर्टवर वडिलांचे नाव बहुधा 'दिलेल्या नावा'च्याच रकान्यात, स्वतःच्या नावामागे लिहिलेले असते. लग्नानंतर तिथे नवऱ्याचे नाव हवे असेल, तर नुसती आडनावावर खूण करून भागत नाही, दिलेल्या नावावरही करावी लागते. जोडीदाराचे नाव नोंदवणे ही तिसरी खूण, वेगळी. आपण तिचे नवे नाव रकान्यांत झोकात टंकलेत आणि बदलाची एकही खूण केली नाहीत. म्हणजे जुना पासपोर्ट एका बाईचा, अर्ज दुसऱ्या बाईचा, आणि मध्ये काही घडल्याची नोंद नाही. पोरगी सावध, तिने अर्ज पाठवण्याआधी वाचला. आपण म्हणालात, "ताई, तुम्ही फार शंका काढता." लग्नाचा दाखलाही तिनेच जोडला.

तिला आपण आणखी एक दिलासा दिला होतात, "नाव तर दुरुस्त करायचंय, किरकोळ पैसे लागतील." पासपोर्टात खाडाखोड करून दुरुस्ती होत नाही, साहेब. बदल कितीही लहान असो, नवी पुस्तिका आणि तेच पंधराशे.

माझ्या चिरंजीवांनाही आपण विसरला नाहीत. त्याचा पहिला पासपोर्ट दहाव्या वर्षी निघाला. लहान मुलांचा पाच वर्षांचा असतो, तसा तो पंधराव्या वर्षी संपला. आता तो एकोणीस वर्षांचा. आपण निर्वाळा दिलात, "मेजर झाला, आता त्याचा पहिलाच पासपोर्ट, फ्रेश!" तोवर मी पंधराशे रुपयांचे शिक्षण घेतलेले होते, म्हणून आपला हात माउसवरच धरला. त्याच्यासाठीही रिइश्यूच, फक्त कारण वेगळे. मुदत तीन वर्षांहून आधी संपलेली. आपण हात झटकून म्हणालात, "तुम्हाला सगळं येतं तर इथे का येता?" प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी प्रिंटर नाही.

एक नम्र विनंती, मान्य व्हावी असा आग्रह नाही. समोरच्या खुर्चीत माणूस बसला की 'नवीन काढायचाय ना' याऐवजी 'याआधी कधी पासपोर्ट निघाला होता का, अगदी लहानपणी, अगदी हरवलेला?' असे विचारून पाहावे. 'हो' म्हणाला तर फ्रेशकडे पाहूही नये, आणि मग 'त्यात काय बदललंय?' हा दुसरा प्रश्न विचारावा. मुदत संपली असेल आणि पत्ताही बदलला असेल, तर तेही एकाच अर्जात सांगता येते. दोन प्रश्नांनी आपला चहा थोडा निवेल, याची मला जाणीव आहे.

कळावे, लोभ आहेच. तो वाढू नये, ही विनंती.

आपला,
फ्रेश होता होता राहिलेला एक ग्राहक

ता. क. आपल्या दारावरच्या फलकावर 'नवीन ३००, नूतनीकरण ४००, दुरुस्ती ५००' असे तीन दर आहेत. माझ्याकडून आपण नूतनीकरणाचे चारशे घेतलेत आणि अर्ज नवीनचा भरलात. आपल्याच फलकाप्रमाणे शंभर रुपये मला परत येणे आहेत. पावती जपून ठेवली आहे, जुन्या पासपोर्टाच्या शेजारीच.