तात्यांचा दहावा नंबर

या देशात जन्माला आल्याचा पुरावा माणसाने एकदा दिला की भागतं. मोबाइल आपलाच आहे, हे मात्र अधूनमधून पुन्हा सिद्ध करावं लागतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा हवाला देऊन दूरसंचार खात्याने परिपत्रक काढलं आणि अख्खा देश सिमला आधार जोडायला रांगेत उभा राहिला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ते परिपत्रक घटनाबाह्य ठरवलं. अंगठे देऊन झाले होते, ते काही परत मिळाले नाहीत. त्यामुळे आज कंपनीचा ‘फेरपडताळणी करा’ असा मेसेज आला, की लोक आधी कपाळाला आठ्या घालतात आणि मग तो पुसून टाकतात.

आमच्या इस्लामपूरकडच्या तात्यांनी तर तो वाचलाच नाही. वाचणार कसा? तो गेला होता विहिरीवरच्या पेटीत.

त्याचं असं झालं. तात्या कुटुंबप्रमुख, म्हणून घरातलं प्रत्येक सिम त्यांच्याच आधारवर. स्वतःची दोन, काकूंचं एक, थोरला, सूनबाई, पुण्याला शिकणारा धाकटा, नातीचा टॅब, कोपऱ्यात पडलेला जुना डोंगल आणि सालगड्याचा फोन, अशी झाली नऊ. दहावं सिम मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचं. रात्री लाइट आली की ही पेटी तात्यांना फोन करते आणि तात्या अंथरुणातूनच उलटा फोन लावून मोटार चालू करतात.

आता नियम काय सांगतो? एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्या मिळून जास्तीत जास्त नऊ सिम. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहाच. ७ डिसेंबर २०२१ ला दूरसंचार खात्याने फर्मान काढलं, की यापेक्षा जास्त जोडण्यांवर खूण करा आणि ग्राहकाला विचारा: कोणतं ठेवतोस, कोणतं सोडतोस, कोणतं दुसऱ्याच्या नावावर करतोस? म्हणजे विचारणारी कंपनी असली, तरी विचारायला लावणारं सरकार. कंपनीला मनापासून विचाराल तर ती म्हणेल, माणशी पंचवीस सिम घ्या, रिचार्ज तेवढा वेळेवर मारा.

तात्यांच्या दहाव्या नंबरावर खूण झाली. मेसेज पेटीत गेला. पेटीला वाचता येत नाही. कंपनीने पर्यायी नंबरावर, म्हणजे तात्यांना, फोन केला. ‘तुमच्या नावावर जादा सिम आहे’ एवढं ऐकताच तात्यांनी पलीकडच्या मुलीला भामटी ठरवून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि फोन आपटला. सूनबाईंनी सासऱ्यांच्या हुशारीचं कौतुक केलं.

मग घड्याळ सुरू झालं. तीस दिवसांत आउटगोइंग बंद. एका रात्री लाइट आली, पण पेटीचा फोन आला नाही. तात्यांनी महावितरणला शिव्या घातल्या. स्वतः फोन लावला, तर मोटार मुकाट सुरू झाली, म्हणून विषय तिथेच संपला. पंचेचाळीस दिवसांत इनकमिंगही गेलं. आता पेटी फोन उचलेना. तात्यांनी वायरमन बोलावला, त्याने स्टार्टर उघडला, फ्यूज बदलला आणि पैसे घेऊन गेला. जानेवारीतली सुरू उसाची नवी लागण, त्यात थंडी, आणि थोरला चिरंजीव रात्री बॅटरी घेऊन बांधावरून मोटार चालू करायला जाऊ लागला. साठ दिवस भरले आणि नंबर कायमचा बंद झाला. आजारी, अपंग किंवा परदेशात रोमिंगवर असलेल्यांना तीस दिवस जादा मिळतात. पेटीला ती सवलत नाही.

तात्यांना शेवटी गॅलरीत सगळं कळलं. काउंटरवरच्या पोराने शांतपणे सांगितलं, ‘आजोबा, आता हा नंबर मिळणार नाही आणि नवं सिमही तुमच्या नावावर निघणार नाही, नऊ भरलेत.’ थोरल्याच्या नावावर नवं सिम निघालं. चाळीस वर्षांच्या त्या चिरंजिवाच्या स्वतःच्या नावावरची ती पहिलीच मिळकत.

तात्यांचा संशय अगदीच अस्थानी नव्हता. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत नंबर बंद होईल, नऊ दाबा’ असे फोन करणाऱ्यांची जमात फोफावली आहे. खरं तर ट्राय कुणाचा नंबर बंद करायला फोनच करत नाही. पण खरं-खोटं ओळखायला यातच सोपी खूण आहे: घाई कोणाला आहे ते पाहा. सरकारी काम आहे, साठ दिवस घेतं, तेही टप्प्याटप्प्याने. दोन तासांत काम उरकणारा माणूस सरकारचा असूच शकत नाही. शिवाय खरी पडताळणी गॅलरीत जाऊन किंवा कंपनीच्या स्वतःच्या अॅपवर होते. फोनवर ओटीपी विचारणारा, लिंक पाठवणारा किंवा स्क्रीन दाखवायला सांगणारा चोर समजावा.

एका बाबतीत मात्र सरकारलाही घाई होते. पोलिस किंवा बँकेने नंबर संशयित म्हणून कळवला, तर तेच टप्पे पाच, दहा आणि पंधरा दिवसांत संपतात. आपण कुणाला फसवलं नाही, मग आपला नंबर संशयित कसा? त्याचं उत्तर कोपऱ्यावरच्या सिमवाल्याकडे. ‘अंगठा नीट लागला नाही, परत ठेवा’ असं तो म्हणतो आणि आपण भाबडेपणाने ठेवतो. पहिल्या अंगठ्यावर आपलं सिम निघतं, दुसऱ्यावर कुणाचं ते आपल्याला कधीच कळत नाही. उलटही घडतं, एकच चेहरा दहा नावांनी सिमं घेतो. ते पकडायला खात्याने ‘अस्त्र’ नावाची प्रणाली केली आहे, ती अर्जांवरचे फोटो एकमेकांशी ताडून पाहते. मे २०२४ मध्ये अशाच छाननीनंतर सुमारे ६.८० लाख जोडण्या संशयित ठरवून त्या साठ दिवसांत पडताळायला कंपन्यांना सांगितलं गेलं.

‘बंद झाला तर झाला, नवा घेऊ’ म्हणणाऱ्यांसाठी एक तपशील. बंद झालेला नंबर कंपनी निदान नव्वद दिवस बाजूला ठेवते आणि मग दुसऱ्याला देऊन टाकते. तुमच्या बँकेत, गॅसच्या एजन्सीत, नातीच्या शाळेत मात्र तोच नंबर नोंदलेला असतो. तुमचे ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागतात. तात्यांच्या पेटीचं बँकेत खातं नव्हतं, म्हणून थोडक्यात निभावलं.

तेव्हा आज जेवण झालं की tafcop.sancharsaathi.gov.in उघडा, आपला नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी भरा. हा ओटीपी आपण स्वतः मागितलेला असतो, म्हणून भरायला हरकत नाही. आपल्या नावावरचे नंबर यादीत दिसतील. अनोळखी असेल त्यापुढे Not My Number, नको असेल त्यापुढे Not Required निवडा. मिसरूड फुटलेल्या चिरंजिवांचं सिम त्यांच्या नावावर करून टाका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात मर्यादेबाहेरच्या सिमसाठी पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि तो भरायचा ज्याच्या नावावर सिम आहे त्याने.