फळ्यावरचे गुण

गुणतक्त्याचा फोटो कुणी पाठवला की मी आधी शेवटचा रकाना झाकतो. मोबाइलवर बोट ठेवलं तर फोटो सरकतो, म्हणून पाकिटातलं एसटीचं जुनं तिकीट काढून काचेवर ठेवतो. घरचे त्याला विक्षिप्तपणा म्हणतात. पण ‘गुण’ नावाचा तो रकाना कुणीतरी बेरीज करून लिहिलेला असतो आणि बेरीज करणारा माणूस बहुधा घाईत असतो. मैदानात घडलेलं असतं ते अलीकडच्या रकान्यांत: जिंकले, बरोबरी, हरले, गोल केले, गोल खाल्ले.

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय असतं हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आम्हाला ते सोसावं लागतं. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने सुरू झाले की दूधवालासुद्धा माप ओतता ओतता ऑफसाइडवर बोलतो. मग मे महिन्यात पेठेतल्या पोरांनी आपली लीग काढली तर नवल काय? बनियनवर चढवायच्या जाळीदार जाकिटांच्या रंगावरून पाच संघ: निळा, पिवळा, लाल, हिरवा, काळा. प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, म्हणजे एकूण १०. पहिले दोन फायनलला. साखळी संपली त्या रात्री ग्रुपवर फळ्याचा फोटो आला आणि खाली लगेच ‘निळा विरुद्ध पिवळा, रविवारी’ असं जाहीरही झालं.

फोटो काय वर्णावा! ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर लालच्या ओळीवरून गेलेला, त्यात त्यांनी खाल्लेले गोल पार धुऊन निघालेले. मार्कर शेवटच्या घटका मोजत होता, त्यामुळे हिरव्यांच्या ‘जिंकले’मधला १ शेपूट वळवून ९ झाला होता. चार सामन्यांत नऊ विजय! असा आकडा स्वतःच आपली चुगली करतो. जिंकले, बरोबरी आणि हरले यांची बेरीज खेळलेल्या सामन्यांइतकीच यायला हवी. हिरव्यांची एक बरोबरी आणि दोन पराभव दिसत होते, तेव्हा विजय एकच.

मग तिकीट उचललं. गुण होते निळा ७, पिवळा ५, लाल ४, हिरवा ३, काळा १. बेरीज २०. इथेच मला खुदकन हसू आलं आणि बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला.

हसण्याचं कारण असं. विजयाला ३ गुण असतील तर निकाली सामन्यातून तक्त्यावर ३ गुण येतात आणि बरोबरीतून २. म्हणजे १० सामन्यांचे ३० गुण, त्यातून जितक्या बरोबऱ्या तितके वजा. आमच्या लीगमध्ये बरोबऱ्या ३, म्हणजे एकूण २७ गुण हवेत. पण विजयाला २ गुण दिले तर सामना कसाही संपो, त्यातून दोनच गुण निघतात आणि दहा सामन्यांचे नेमके २० होतात. फळा लिहिणारे काका आमच्या पेठेतले जुने दर्दी. त्यांचा फुटबॉल १९८६ च्या मॅराडोनापाशी थांबलेला आहे, आणि त्या वर्ल्डकपमध्ये विजयाला २ गुणच होते. इंग्लंडने १९८१ मध्येच ३ गुण सुरू केले होते, वर्ल्डकपमध्ये ते १९९४ ला आले. काकांपर्यंत अजून यायचे आहेत.

नव्याने गुण मांडले. निळा तीन विजय, एक बरोबरी, १० गुण. त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. पिवळ्यांचा एक विजय आणि तीन बरोबऱ्या. हरायचं नाही, पण जिंकण्याचीही फारशी घाई नाही असा एकूण समंजस संघ. त्यांचे ३ अधिक ३, म्हणजे ६. लालचे दोन विजय, दोन पराभव, तेही ६. काकांच्या हिशेबात एका गुणाने मागे पडलेला लाल आता पिवळ्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. हिरव्यांचे ४ आणि काळ्यांचा १. एकूण २७, हिशेब जुळला.

आता गोलफरक. पिवळ्यांनी ३ गोल केले, २ खाल्ले, फरक अधिक १. लालने ८ केले. खाल्ले किती? तिथे ट्यूबलाइट.

पण इथे फळ्याचाच दुसरा अर्धा भाग साक्षीला येतो. लीगमधला प्रत्येक गोल दोनदा लिहिला जातो, मारणाऱ्याच्या नावावर एकदा आणि खाणाऱ्याच्या नावावर एकदा. त्यामुळे दोन्ही रकान्यांची बेरीज सारखीच आली पाहिजे. केलेले गोल ८, ३, ८, ३, ३, म्हणजे २५. खाल्लेल्यांत निळ्यांचे ३, पिवळ्यांचे २, हिरव्यांचे ६, काळ्यांचे १०, मिळून २१. उरले ४, ते लालचे. फरक अधिक ४. सगळ्या संघांचा फरक एकत्र केला, ५, १, ४, उणे ३, उणे ७, तर शून्य. शून्य आलं नाही तर कुठलातरी आकडा चुकीचा वाचला म्हणून खुशाल समजावं.

या युक्तीची मर्यादाही सांगतो, नाहीतर पेठेत कुणीतरी सांगेलच. त्याच रकान्यात दोन आकडे पुसलेले असते तर माझ्या हाती फक्त त्यांची बेरीज लागली असती. आणि काकांनी लाल-पिवळ्यांचे खाल्लेले गोल अदलाबदल करून लिहिले असते, तर एकूण बेरीज तितकीच आली असती आणि मी शांतपणे चुकीचा फरक काढून बसलो असतो.

मी ग्रुपवर लिहिलं: फायनल निळा विरुद्ध लाल. दहा मिनिटांत पिवळ्यांचा कॅप्टन दारात. “मामा, लालला आम्ही एक-शून्यनं हाणलंय की! मग ते फायनलला कसं?”

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. स्पेनच्या ला लीगामध्ये समान गुण झाले की आधी त्या दोघांचे आपसातले निकालच बघतात. तिथे पिवळे फायनलला गेले असते. इंग्लंडच्या लीगमध्ये आधी गोलफरक. तोही सारखा निघाला तर कुणी जास्त गोल केले ते बघतात. १९८९ मध्ये आर्सेनल आणि लिव्हरपूल दोघांचे ७६ गुण, दोघांचा फरक अधिक ३७, आणि ७३ विरुद्ध ६५ गोलांवर आर्सेनल विजेता. पूर्वी तिथे वजाबाकीऐवजी भागाकार असायचा, केलेले गोल भागिले खाल्लेले. तो नियम तेव्हा टिकला असता तर लिव्हरपूल जिंकलं असतं.

“आपला नियम काय छापलाय?” मी विचारलं. त्याने खिशातून लीगचं पत्रक काढलं. विजयाला ३ गुण. समान गुण झाल्यास गोलफरक. पत्रकाखाली सही काकांची.

पोरगं पत्रकाकडे बघत म्हणालं, “काळ्यांना आणखी चार हाणायला पायजे होते.” एक-एक बरोबरी झाली होती त्या सामन्यात. चार कशाला, एकच पुरला असता: तो सामना जिंकला असता तर पिवळ्यांचे ८ गुण झाले असते आणि लाल ६ वरच राहिला असता. गोलफरकापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

रविवारी फायनल निळा विरुद्ध लाल अशीच झाली. पुढच्या वर्षीच्या आयोजकांना एकच विनंती: फोटो फळ्याचा नको, दहा सामन्यांचे निकाल लिहिलेल्या वहीचा पाठवा, आणि कृपा करून ट्यूबलाइट बंद करून.