नको म्हणणारे गुरुजी

कळवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेल्या माणसाला पगार महिन्यातून एकदा मिळतो आणि भाजीपाला रोज मिळू शकतो. आमचे गुरुजी पगार घेतात, भाजीपाला घेत नाहीत. जिल्हा सेवेचे १९६७ चे वर्तणूक नियम त्यांना पाठ आहेत, पण ते कोणाला ऐकवत नाहीत. दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला नियम सांगितला की ती म्हणते, "जाऊ द्या गुरुजी, साहेबांना कोण सांगतंय?" आणि तिच्या लेखी आपण चोर ठरतो.

सुरुवातीला त्यांनी दिवाळीच्या आठवडाभर आधी पालकसभेत जाहीर करून टाकलं, की कोणी काही आणू नये. त्या वर्षी सगळ्यात जास्त आलं. लोकांनी अर्थ काढला, 'गुरुजींना फुटकळ चालत नाही.' तेव्हापासून त्यांनी जाहीर करणं सोडलं आणि माणूस पाहून नकार द्यायला सुरुवात केली.

पोराच्या हातून आलेलं ते सरळ परत करत नाहीत. पाच सप्टेंबरला वर्गातलं प्रत्येक पोर एक पेन आणतं. गुरुजी त्या पेनानं त्याच पोराची हजेरी मांडतात, अक्षर कसं उमटतं ते बघतात, वा म्हणतात आणि पेन त्याच्याच खिशाला लावतात. "तुझी हजेरी याच पेनानं लावली बरं का, आता हे जपायचं." पोर मिरवत बाकावर जातं. ज्यानं आणलेलं नसतं, त्याची हजेरी शेजारच्याच्या पेनानं लागते. आपट्याचं पान, तिळगूळ, आजीनं फडक्यात बांधून पाठवलेली मूठभर नागली, एवढं मात्र ते घेतात. नागलीला नाही म्हटलं तर आजी पुढच्या वेळी दोन मुठी घेऊन स्वतःच येते.

मिठाईचा डबा आला तर तो देणाऱ्यासमोरच उघडायचा, हा त्यांचा शिरस्ता. एकदा पेढ्यांखाली पाकीट निघालं. गुरुजी घाबऱ्याघुबऱ्या म्हणाले, "अहो दादा, तुमचं पाकीट यात पडलं! बँकेचं असेल, बरं झालं आत्ताच दिसलं." दादांनी पाकीट खिशात घातलं आणि वर आभारही मानले. पेढे वर्गात वाटले गेले.

खरी कसोटी कांद्याची. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत जातो. पावसाळ्यात काही सडतो, काही कोंब काढतो. दिवाळीपर्यंत जो टिकतो त्याला बहुतेकदा चांगला भाव असतो. म्हणून गुरुजी म्हणतात, एप्रिलचा कांदा प्रेमाचा, ऑक्टोबरचा हिशेबाचा. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागण्याआधी एक बाप अर्धी गोणी मोटारसायकलवर घालून आला, पोरगं मागे बसलेलं. "गुरुजी, घरना शे हाऊ कांदा."

'नको' हा शब्द गुरुजी पहिल्या पाच मिनिटांत उच्चारत नाहीत. गोणीत हात घातला, एक कांदा दाबून पाहिला, चाळ कुणी बांधली, वारा कुठून घेतो, सगळं विचारलं. बापाची छाती फुगल्यावर म्हणाले, "दोन कांदे माझे. बाकीच्याची पोरांना आज पंगत." शालेय पोषण आहारात तिथी भोजनाची सोय आहेच: गावातल्या कुणीही पोरांना चांगलंचुंगलं खाऊ घालावं. गोणी स्वयंपाकवाल्या ताईंकडे गेली, वहीत नोंद झाली आणि फळ्यावर खडूनं नाव लागलं. त्या दिवशीच्या खिचडीत तांदूळ शोधावा लागला.

आता ही युक्ती बिनचूक आहे असं मी म्हणणार नाही. फळ्यावरचं नाव वाचून दुसऱ्या दिवशी कोणी कोथिंबीर आणली, कोणी टमाटे, आणि ज्याच्या घरी शेतच नाही ते पोर दारात घुटमळलं. फळ्यावर नाव लिहिणं गुरुजींनी त्याच दिवशी बंद केलं. नोंद वहीत होते, वही कपाटात राहते.

परीक्षेनंतर कांदेवाला बाप प्रगतिपत्रक घेऊन आला. गणितात पोराचं पार पाणी झालं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यानं विचारलं, "गुरुजी, कांदा गोड नव्हता का?"

"कांदा उत्तम होता. भागाकार कच्चा आहे. उद्यापासून त्याला अर्धा तास लवकर पाठवा."

पोरगं लवकर येऊ लागलं. तेव्हापासून लोक समोर येतच नाहीत. पिशवी गुपचूप गुरुजींच्या गाडीच्या हँडलला अडकवून पसार होतात. दुकानाच्या नावावरून आणि गाठीच्या पद्धतीवरून मालक हुडकत गुरुजी संध्याकाळी गावभर हिंडतात, आणि ज्या घरी पिशवी परत करतात तिथे चहा प्यावाच लागतो. कोणाची इकडे बदली होणार असेल, तर दिवाळीच्या आठवड्यात शाळेत पायी जा.