शंभराचा काटा

रात्री नऊला मालिका गोल गोल फिरू लागली की कंपनीचा मुलगा येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो आणि काटा शंभरावर नेऊन दाखवतो. ‘बघा काका, फुल येतंय. प्रॉब्लेम तुमच्या टीव्हीत आहे.’

या काट्याबद्दल मला नितांत आदर आहे. वीज गेल्यावर पंखा थांबतो, पाणी गेल्यावर नळ सुकतो, पण काटा शंभरावरच! कारण ज्या सर्व्हरशी तो बोलतो, तो कंपनीच्याच खोलीत बसलेला असतो. आपल्या घरापासून त्या खोलीपर्यंतची फायबर बहुधा ठणठणीतच असते. एका तारेवर चौसष्ट घरं जोडली तरी तिच्यात अडीच हजार एमबीपीएस मावतात आणि चांगल्या चित्राला घरटी पाच पुरतात. गर्दी होते ती खोलीच्या पलीकडे, आणि टेस्ट तिथवर जातच नाही. पेपर काढणारा, तपासणारा आणि पहिला येणारा, तिघेही एकाच घरातले.

पलीकडचा हिशेब असा. समजा, चारशे गिऱ्हाइकांना प्रत्येकी शंभर विकले, म्हणजे झाले चाळीस हजार. बाहेर जाणारी लाइन मात्र घेतली एक हजाराची. यात पाप काहीच नाही, कारण सगळे एकदम कधीच वापरत नाहीत. दुपारी चाळीस घरं पाहतात, दोनशेत भागतं. रात्री नऊला अडीचशे घरं पाहतात, साडेबाराशे लागतात. मग डेटाची पाकिटं रांगेत उभी राहतात, रांग भरली की टाकून दिली जातात, आणि नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. हजार पत्रिका वाटून तीनशे पानांचा स्वयंपाक करणारा यजमान निदान चेहरा तरी लपवतो. इथे तो पंगतीत उभा राहून ‘तुमचीच भूक जास्त’ म्हणतो.

माझा राग लाइन वाटून घेण्यावर नाही. शेजारच्या तीन इमारतींत नवी जोडणी देताना वायर आणली, पावतीपुस्तक आणलं, फक्त बाहेरची लाइन तेवढीच ठेवली, यावर आहे. वर सल्ला काय, तर ‘दोनशेचा प्लॅन घ्या’! अहो, कोंडी पलीकडे असताना माझ्या दाराची चौकट दुप्पट रुंद करून काय होणार? बिल तेवढं रुंद होईल.

वाचकहो, पुढच्या वेळी मुलाला बसवा, चहा द्या. वायफाय बंद करून लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. आधी राउटरला पिंग करा, मग कंपनीबाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरचं उत्तर चटकन आलं, आणि बाहेरचं सकाळी पंचवीस मिलिसेकंदांत येणारं उत्तर रात्री दीडशेत आलं, तर टीव्ही निर्दोष सुटला. टेस्टसाठीही दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला सर्व्हर निवडा. काटा अठरावर आला की मुलाला म्हणा, ‘बाळा, बिलही याच काट्याने मोजू या.’