माय घरी आली

दीर्घ मुक्कामानंतर माणूस दवाखान्यातून घरी आला की त्याचा फोटो स्टेटसवर टाकतात आणि खाली दोन-चार ओळी लिहितात. हा मजकूर रुग्ण लिहीत नाही. नांदेडहून भोकर, हिमायतनगरमार्गे इस्लापूरला गाडी पोहोचेपर्यंत तो मागच्या सीटवर बसलेल्या पुतण्याने तयार केलेला असतो. रुग्णाला तो दाखवण्याची पद्धत नाही.

पूर्वी हे काम तारेकडे होते. तारेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे ‘सुखरूप घरी पोहोचलो’ एवढ्यावर मजकूर आपोआप थांबे. २०१३ च्या जुलैत भारतातली तारसेवा बंद झाली आणि शब्द फुकट झाले. तेव्हापासून या मजकुरात रक्तातली साखर, टाक्यांची संख्या, आयसीयूतले दिवस आणि बिलाचा आकडा असा सगळा ऐवज येऊ लागला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने डॉक्टरवर घातले आहे. पुतण्या त्या नियमावलीत येत नाही.

उदाहरणादाखल एका काल्पनिक मायचा पहिला मसुदा पाहता येईल: ‘ईश्वरकृपेने व आपणा सर्वांच्या आशीर्वादाने आमच्या मातोश्री मृत्यूच्या दाढेतून परत आल्या. साखर तीनशे चाळीस होती, दोन बाटल्या रक्त लागले, डॉक्टरांनीही आशा सोडली होती. या कठीण काळात वेळोवेळी फोन करणारे सर्व मान्यवर, पदाधिकारी व मित्रमंडळींचे जाहीर आभार.’ यात माय घरी आली ही बातमी एका वाक्यात उरकली आहे. बाकी सगळी आजाराची आणि मान्यवरांची. असा मजकूर वाचणारा माणूस आनंदत नाही, तो कामाला लागतो. आकडा दिसला की त्यावरचे औषध सुचते, आणि किनवटपासून आदिलाबादपर्यंतचे नातेवाईक आपापला काढा, आपापला वैद्य आणि असाच आकडा असताना गेलेल्या शेजाऱ्याची हकिगत घेऊन येतात.

आकडे काढून टाकले की पहिली ओळ उरते: ‘माय आज सकाळी घरी आली.’ इथे ‘मातोश्री’ नको, कारण घरात तिला तसे कोणी हाक मारत नाही. दुसरी ओळ ‘तब्येत ठीक.’ ‘ठणठणीत’ लिहिण्याचा मोह फार होतो, पण तो महागात पडतो. ठणठणीत माणसाला पुढच्या आठवड्यातल्या लग्नाचे बोलावणे येते, आणि गेला नाही तर रुसवा. ‘ठीक’ म्हटले की काळजी मिटते आणि अपेक्षाही वाढत नाहीत.

तिसरी ओळ सर्वांत अवघड, कारण सुटकेचा निःश्वास तिच्यातच यायचा असतो. तो ‘आनंद गगनात मावेना’ असे लिहून येत नाही. घरी आल्यावर त्या माणसाने पहिली जी साधी गोष्ट केली ती लिहिली की येतो: ‘आल्या आल्या म्हशीचं विचारलं.’ एवढ्यात वाचणाऱ्याला कळते की मायचे डोके जागेवर आहे, जीव घरात आहे आणि म्हैस कोणाच्या तरी जिवावर सोडल्याचा तिला अजून राग आहे. कोणत्याही तपासणी अहवालाला एवढे सांगता येणार नाही. चौथी ओळ भेटीची: ‘आठ दिवस आराम, मग भेटायला या.’ ही ओळ गाळली तर त्याच संध्याकाळी ओसरीवर चपलांचा ढीग पडतो.

मजकूर एवढा नीट झाल्यावर घात होतो तो फोटोने. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतानाचा फोटो सगळ्यांत चांगला, पण त्यात मायच्या हाताला सुईची पट्टी असते, शेजारी दवाखान्याची फाइल धरून पुतण्या उभा असतो आणि फाइलवर विभागाचे नाव ठळक अक्षरांत असते. लोक दोन बोटांनी फोटो मोठा करतात आणि मजकुराने झाकलेले सगळे वाचून काढतात. फाइल आधी घरात ठेवावी, पदर हातावर घ्यावा, मग फोटो काढावा. पुतण्या फोटोत राहिला तरी चालेल; त्याला बाहेर ठेवणे अजून कोणाला जमलेले नाही.

आजारपणात रक्तगट लिहून रक्तासाठी हाक दिली असेल, तर हे स्टेटस टाकणे सौजन्य नव्हे, उधारी आहे. रक्त देणाऱ्याला माणूस घरी आल्याचे कळलेच पाहिजे. त्याला स्टेटसच्या भरवशावर न सोडता फोन करावा, कारण स्टेटस चोवीस तासांत जाते आणि त्या दिवशी तो नेमका शेतात असतो. थोरल्या मामांनाही फोनच करावा. त्यांनी स्टेटस पाहिलेले असते, पाहणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव सर्वांत वर असते, तरीही ‘आम्हाला कोणी कळवलं नाही’ ही त्यांची तक्रार यादी दाखवून मिटत नाही.