हातखंब्याच्या आत जागे व्हा

लांज्याहून सकाळी रत्नागिरीकडे निघालेल्या एसटीत पाठच्या बाकावरून पुढे नजर टाका. निम्मी गाडी पुढच्या सीटच्या आडव्या दांड्यावर कपाळ टेकून झोपलेली दिसेल. दोन्ही हातांची घडी दांड्यावर, घडीवर डोकं, मांडीवर डबा आणि पर्स. शिक्षक, कोर्टातले कारकून, सिव्हिलच्या सिस्टर, कॉलेजची पोरं, सगळी याच आसनात. गाडीत झोप घेण्याची याहून वाईट रीत मला माहीत नाही.

कारण सरळ आहे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते आणि माणूस पुढे जातो. जागा माणूस त्या क्षणी पाय रोवतो, मान ताठ करतो, हात पुढे टाकतो. झोपेत स्नायू सैल असतात, त्यामुळे यातलं काहीच होत नाही. तोंड आधीच लोखंडाला लागलेलं असतं आणि पाठीमागून अख्ख्या अंगाचा भार त्यावर येतो. दात, नाक, भुवईवरचं हाड, मार लागतो तो इथेच. आपल्या हायवेवर ब्रेक लावायला गुरं, खड्डे, अचानक बदललेला वळणरस्ता, काहीही पुरतं.

म्हणून पहिली गोष्ट: डोकं पुढे नाही, मागे. पाठ बाकाला पूर्ण टेकवा, पंचा किंवा ओढणी गुंडाळून मानेच्या खोबणीत ठेवा, म्हणजे डोकं मागे किंवा बाजूला ढळलं तरी मानेला हिसका बसत नाही. सीटला पट्टा असेल तर लावा. खिडकीकडे कलायचं असेल तर काच बंद करून, मध्ये घडी घातलेलं कापड ठेवून. उजव्या बाजूच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून झोपणाऱ्याला शेजाऱ्याने खुशाल हलवून उठवावं. आपण डावीकडून चालतो, म्हणजे समोरून येणारा डंपर त्याच बाजूने खेटून जातो. शेवटच्या बाकावर आणि मागच्या चाकावरच्या सीटवर झोपूच नये. खड्ड्यात गाडी आपटली की तिथला माणूस सीटवरून उचलला जातो.

झोपू नका, असं मी सांगणार नाही. पहाटे पाचला उठून, पोरांचे डबे भरून, सहा-साडेसहाची गाडी पकडणाऱ्या बाईला गाडीतही जागं राहा म्हणणारा माणूस तिच्या घरी एक दिवस राहिलेला नाही. चालत्या गाडीत डोळा लागतो, याचं कारण आळस नव्हे. 2011 साली जिनिव्हातल्या संशोधकांनी दुपारी डुलकी घेणाऱ्यांना हलक्या झुलत्या पलंगावर झोपवून पाहिलं. स्थिर पलंगापेक्षा ती माणसं लवकर झोपली. डुलण्याने झोप येते, हे पाळण्याशेजारी बसलेल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. एसटी पाळण्याइतकी मऊ डुलत नाही, पण अर्धवट झोपेतून उठलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

प्रश्न झोपावं की नाही हा नाही. झोप कुठे सुरू करायची आणि कुठे संपवायची, हा आहे. आणि इथेच आपण रोज चुकतो. आपण झोप मुक्कामाला संपवतो. मारुती मंदिर आलं, कुणीतरी ढोसलं, दचकून उठलो, पिशवी सावरली आणि गाडी पुरती थांबायच्या आत पायरीवर. असं उठून उतरणं फार धोक्याचं.

झोप पायरीपायरीने खोल जाते. पहिली काही मिनिटं नुसती पेंग असते, मान लुढकते, आजूबाजूचं बोलणं ऐकूही येतं. मग हलकी झोप. अर्ध्या तासाच्या आसपास गाढ झोप लागू लागते. हलक्या झोपेतून उठलेला माणूस मिनिटाभरात शुद्धीवर येतो. गाढ झोपेतून उठवलेला माणूस डोळे उघडे असूनही काही वेळ बधिर असतो. पाऊल अंदाजाने पडत नाही, हिशेब चुकतो, बोललेलं उशिरा कळतं. हे दहा मिनिटं टिकतं, कधी अर्धा तास. एसटीची उंच पायरी, पावसाने निसरडा झालेला स्टँड आणि बधिर पाय एकत्र आले की मुरगळलेला घोटा ठरलेला.

ऑस्ट्रेलियात 2006 साली ब्रुक्स आणि लॅक या दोघांनी हे मोजून पाहिलं. रात्री जेमतेम पाच तास झोपू दिलेल्या तरुणांना त्यांनी दुपारी पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटं झोपू दिलं. दहा मिनिटंवाले उठल्याबरोबर तरतरीत झाले आणि ती तरतरी दोन तासांच्या वर टिकली. तीस मिनिटंवाले आधी काही काळ मंद राहिले आणि मग सुधारले. हा प्रयोग दुपारचा आणि शांत खोलीतला होता, सकाळच्या गाडीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पाच तासांची रात्र मात्र आपल्या डब्यावाल्या बाईचीच आहे. एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवायची: ज्याची झोप जास्त थकलेली, तो गाढ झोपेत लवकर शिरतो. चार तास झोपून आलेल्याने वीस मिनिटांचा हिशेब धरू नये, दहावर थांबावं.

आता हे लांजा-रत्नागिरीच्या रस्त्यावर बसवून पाहू. प्रवास साधारण तासाभराचा, कामाच्या टप्प्यांवर अडकलं तर आणखी जास्त. लांजा सोडल्यावर पहिली काही मिनिटं झोपायच्या भानगडीत पडू नका. कंडक्टर अजून तिकिटं फाडतो आहे, पास बघायला तो तुम्हाला उठवणारच, आणि मोडलेली डुलकी आराम देत नाही. पुढे अंजणारीचा घाट. तिथल्या वळणांना अंग डावी-उजवीकडे फेकलं जातं, झोपलेल्या मानेला ते सोसत नाही. घाट संपला, काजळी नदीवरचा पूल मागे पडला की डोळे मिटा. तिथून पाली आणि पुढे हातखंबा, एवढाच तुमचा झोपेचा टापू.

हातखंब्याला जागं व्हायचं. गाडी हायवे सोडून डावीकडे वळते, माणसं चढतात-उतरतात, तिठ्यावर गलका असतो. शरीराला ते वळण आपोआप कळतं आणि महिन्याभराच्या सवयीने डोळे तिथेच उघडू लागतात. त्यापुढे खेडशी, कुवारबाव, मारुती मंदिर, एवढा वेळ हातात राहतो. पाणी प्या, खिडकी उघडा, वारा तोंडावर घ्या. स्टँडवर उतराल तेव्हा पाय तुमचे असतील.

मोबाईलचा गजर लावायचा तर घड्याळाच्या वेळेवर लावू नका. सव्वासातचा गजर लावला आणि गाडी पालीच्या अलीकडेच अडकली, तर उगाच उठाल. गाडी लवकर आली तर उठायचेच नाही. डोळे मिटताना पंधरा मिनिटांचा टायमर लावा. झोप लागायला चार-पाच मिनिटं जातात, उरलेली दहा झोपेची. आवाज बंद, थरथर चालू, आणि फोन शर्टाच्या आतल्या खिशात किंवा मुठीत. शेजाऱ्याची झोप आपल्या गाण्याने मोडायची गरज नाही. रोजची मंडळी ओळखीची असतील तर त्याहून चांगलं: एकाने जागायचं, दुसऱ्याने झोपायचं, उद्या उलट. बायकांनी तर हा पाळीचा नियम जरूर करावा. पर्सचा पट्टा मनगटाला वेढून ती पोटाशी धरावी, पायाशी नको.

रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी. चिपळूण, संगमेश्वरकडून येणाऱ्याला कोकण रेल्वेने स्वतःच एक खूण दिली आहे. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. डबा काळोखतो, आवाज बदलतो, आणि हे काही मिनिटं चालू राहतं. करबुडे आलं की उठायचं. मग भोके, मग रत्नागिरी. ठिकाण आलं की वाजणाऱ्या मोबाईलच्या गजरावर इथे भिस्त ठेवू नका, बोगद्यात त्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. एकेरी मार्ग आहे, क्रॉसिंगला गाडी कुठेही थांबते, म्हणून घड्याळही कामाचं नाही. उठायचं चुकलं तर पानवल नदीचा उंच पूल ओलांडून तुम्ही निवसरला पोचता. तिथून परतीची गाडी हाताशी नसते, आणि टीसीने गाठलं तर जादा भाड्यावर किमान अडीचशेचा दंड. डब्याच्या दारात, पायरीवर पाय सोडून पेंगणाऱ्यांना मात्र एवढंच सांगायचं आहे की आत जागा नसेल तर उभे राहा. पायरीवरचा प्रवास रेल्वे कायद्याच्या कलम 156 खाली गुन्हा आहेच, पण कायद्याच्या आधी डुलकी तुम्हाला गाठेल.

संध्याकाळी परतताना हिशेब उलटा करा. सहाच्या गाडीत अर्धा तास गाढ झोपलात की रात्री अकराला डोळा लागत नाही आणि पाचचा गजर तर ठरलेलाच. मग दुसऱ्या दिवशीची झोप पुन्हा गाडीतच. संध्याकाळी डोळे मिटून नुसतं बसा, खांदे सोडा, फोन पिशवीत टाका. झोप आलीच तर दहा मिनिटं.

आणि लांज्याच्या स्टँडवर ज्यांची मोटरसायकल उभी असते त्यांच्यासाठी वेगळं लिहितो, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांची वाटते. गाडीतून झोपेतून उठून थेट हँडल धरू नका. तो बधिरपणा प्रवासी म्हणून चालून जातो, चालक म्हणून चालत नाही. तोंड धुवा, चहा घ्या, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग किक मारा. गावाकडच्या काळोख्या रस्त्यावर ती पंधरा मिनिटं महाग नाहीत.

कधी डुलकी ही डुलकी नसते. डॉक्टर दिवसाची झोप मोजायला एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात, 1991 पासूनची. त्यातला एक प्रश्न असा आहे: तासभर न थांबता गाडीत प्रवासी म्हणून बसलात तर डोळा लागण्याची शक्यता किती? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, बेरीज दहाच्या वर गेली तर झोप प्रमाणाबाहेर समजतात. बसल्या बसल्या दोन मिनिटांत रोज गाढ झोप लागते, स्वप्नं पडतात, घरचे म्हणतात रात्री मोठ्याने घोरता आणि मध्येच श्वास अडकतो, असं असेल तर उशी बदलून काही होणार नाही. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा.

शेवटची मागणी कंडक्टरांकडे. मास्तर, पाली आलं, हातखंबा आला, कुवारबाव आलं, एवढं मोठ्याने पुकारत चला. गाडीतली निम्मी माणसं तुमच्या भरवशावर डोळे मिटून बसलेली असतात.